नंबर बरोबर, चष्मा चूक

नवा चष्मा त्रास देतो म्हणून दुकानात परत गेलेल्या माणसाला मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. काउंटरवरचा गृहस्थ आधी चष्मा हातात घेऊन पुसतो, जणू सगळा दोष काचेवरच्या धुळीचा असावा. मग तो आत जाऊन मशीनवर ठेवतो आणि बाहेर येऊन सांगतो, “नंबर तंतोतंत आहे, ताई.” ताई म्हणतात, पण फरशी तिरकी दिसते, संध्याकाळी कपाळ ठणकतं. तेव्हा दुसरं उत्तर येतं, “आठ-पंधरा दिवस घाला, सवय होईल.” पंधरा दिवसांनी ताई पुन्हा दारात उभ्या राहिल्या की तिसरं, “मग डॉक्टरांनाच दाखवा, नंबरच चुकला असेल.”

ही उत्तरं फक्त दुकानदार देतात असं नाही. घरचेही तेच म्हणतात. नवा चष्मा म्हटला की थोडं होणारच, तुझे फारच लाड, आम्ही चाळीस वर्षं घालतोय. या सगळ्यामागचं मत सरळ मांडायचं तर असं: कागदावरचा नंबर काचेत उतरला की चष्मा बरोबर झाला, त्यानंतरही त्रास होत असेल तर दोष डोळ्याचा, मेंदूचा किंवा स्वभावाचा, एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही, आणि काळ हे सगळ्यावर औषध आहे. हे मत इतकं रुजलंय की चष्मा कसा तपासायचा हे ज्यांना शिकवलेलं असतं तेसुद्धा काउंटरमागे उभे राहिले की ते विसरतात. चीड येते ती याची.

सुरुवात त्या मशीनपासूनच करू, कारण सगळी मिजास त्याच्या जोरावर आहे. लेन्सोमीटर काचेच्या एका बिंदूतून प्रकाश पाठवतो आणि त्या बिंदूपाशी काचेची शक्ती किती, सिलिंडर किती, त्याचा अक्ष कुठे, हे सांगतो. काच त्याच्या छोट्या नळीवर सपाट टेकवायची असते, म्हणजे काच नळीला काटकोनात बसते. तुमचं नाक त्याला माहीत नाही. तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी, उजवा कान डाव्यापेक्षा जरा वर आहे की नाही, फ्रेम गालाकडे किती झुकते, यातलं काहीही त्याला कळत नाही. मग ‘मशीनवर बरोबर आहे’ या वाक्याने सिद्ध काय होतं? एवढंच की काच योग्य डब्यातून उचलली. बूट आठ नंबरचा आहे हे तळव्यावर वाचून दाखवायचं आणि तो उलट्या पायात घातलाय का हे बघायचंच नाही, असा हा प्रकार आहे. गिऱ्हाइकाने विचारलेलं असतं की चष्मा माझ्या चेहऱ्यावर बरोबर आहे का. उत्तर मिळतं काचेचं.

गंमत म्हणजे त्याच मशीनने चेहऱ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देता येतं, विचारलं तर. प्रत्येक काचेत एक बिंदू असा असतो की त्यातून जाणारा किरण वळत नाही. त्याला ऑप्टिकल सेंटर म्हणतात, दुकानात नुसतं सेंटर. त्या बिंदूपासून जितकं दूर बघाल तितकी काच प्रिझमसारखी वागते आणि समोरची वस्तू आपल्या जागेवरून सरकलेली दिसते. किती सरकेल याचं गणित सातवीच्या मुलालाही जमेल. सेंटर किती सेंटिमीटरने चुकलं ते घ्या, त्याला नंबराने गुणा, उत्तर प्रिझम डायॉप्टरमध्ये येतं. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवरची वस्तू एक सेंटिमीटर सरकणं. न्यूयॉर्कचे चष्मेतज्ज्ञ चार्ल्स प्रेंटिस यांनी हे मोजमाप १८९० मध्ये मांडलं, आणि हा नियम आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. म्हणजे ‘मिलिमीटरने काय होतं’ याचं उत्तर सव्वाशेहून जास्त वर्षं छापील स्वरूपात उपलब्ध आहे. वाचायचा कंटाळा असेल तर तसं सांगावं, पण ‘काही होत नाही’ असं सांगू नये.

एक उदाहरण सगळ्या आकड्यांसकट बघू. एका बाईंचा नंबर उजवीकडे उणे ६, डावीकडे उणे साडेपाच, सिलिंडर नाही. नवी फ्रेम मोठी, सध्याच्या फॅशनची. दांडीच्या आतल्या बाजूला ५४-१८-१४० असं लिहिलेलं. यातलं ५४ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे दोन काचांमधला नाकावरचा पूल, १४० म्हणजे दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तक्रार अशी की दोन्ही डोळ्यांच्या मध्ये ओढ बसते, बसची पाटी वाचताना अक्षरं क्षणभर दुहेरी होतात, जिने उतरताना पायरीचा अंदाज चुकतो, आणि जुना चष्मा घातला की सगळं थांबतं. दुकानात तीन वेळा तपासून झालेलं. नंबर तिन्ही वेळा बरोबर.

त्यांना पहिली गोष्ट करायला सांगितली ती मशीनविना होणारी होती. नवा चष्मा लावून दूरच्या अक्षरांकडे बघायचं आणि आधी एक, मग दुसरा डोळा हाताने झाकायचा. कुठलाही एक डोळा झाकला की ओढ जात होती आणि अक्षरं दोन्ही डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. या दहा सेकंदांत बरंच काही कळलं. एकेका काचेतून नीट दिसतं, म्हणजे नंबर ठीक आहे. दोन्ही डोळे उघडले की बिघडतं, म्हणजे दोन काचा एकमेकींशी जुळत नाहीत. उलट एका डोळ्याने बघतानाही तिरकं किंवा धूसर दिसलं असतं, तर संशय त्या काचेच्या नंबरावर, सिलिंडरच्या अक्षावर किंवा काचेच्या झुकावावर गेला असता. एवढी साधी चाचणी कुठल्याही काउंटरवर होऊ शकते. तिला वीज लागत नाही, मशीन लागत नाही, फक्त गिऱ्हाइकावर विश्वास ठेवावा लागतो. नेमकी तीच वस्तू दुकानात ठेवलेली नसते, असं दिसतं.

मग चष्मा लेन्सोमीटरवर ठेवला, पण या वेळी नंबर वाचायला नाही. दोन्ही काचांच्या खालच्या कडा मशीनच्या आडव्या पट्टीवर टेकवल्या, उजवी काच सरकवत सरकवत आतलं चित्र बरोबर मधोमध आणलं आणि मशीनला असलेल्या शाईच्या टोकांनी तीन ठिपके उमटवले. मधला ठिपका म्हणजे सेंटर. मग पट्टी वरखाली न करता चष्मा डाव्या काचेवर सरकवला. तिथेही चित्र उंचीला मधोमधच आलं, म्हणजे फ्रेममध्ये दोन्ही सेंटरं एकाच उंचीवर होती. डावीकडेही ठिपके उमटवले आणि दोन मधल्या ठिपक्यांमधलं अंतर पीडीच्या पट्टीने मोजलं. भरलं ६६ मिलिमीटर, पुलाच्या मध्यापासून दोन्हीकडे ३३.

आता चेहरा. समोरासमोर, डोळे एका उंचीवर येतील असं, साधारण ४० सेंटिमीटरवर बसायचं. तपासणाऱ्याने आपला उजवा डोळा मिटायचा, बाईंनी त्याच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघायचं, आणि नाकाच्या मध्यापासून त्यांच्या उजव्या बाहुलीचं अंतर वाचायचं. मग डोळे बदलून डावी बाजू. उजवीकडे ३० मिलिमीटर, डावीकडे ३२. एकूण ६२, पण दोन्हीकडे सारखं नाही. चेहरे असेच असतात. ३१-३१ चा माणूस फ्रेमच्या जाहिरातीत भेटतो, रांगेत क्वचित.

हिशेब करा. उजवं सेंटर बाहुलीपासून ३ मिलिमीटर बाहेर, नंबर ६, म्हणजे १.८ प्रिझम. डावं १ मिलिमीटर बाहेर, नंबर साडेपाच, म्हणजे ०.५५. मिळून २.३५. उणे नंबराची काच कडेला जाड असते, त्यामुळे सेंटर बाहेर सरकलं की माणूस सेंटरच्या नाकाकडच्या बाजूने बघतो, जाड बाजू नाकाकडे येते, आणि समोरचं चित्र दोन्ही डोळ्यांना कानाकडे सरकलेलं दिसतं. ते एकच दिसावं म्हणून डोळ्यांना बाहेर वळावं लागतं. आत वळायची ताकद डोळ्यांकडे भरपूर असते, आपण जवळचं वाचताना दिवसभर तेच करतो. बाहेर वळायची ताकद मात्र तुटपुंजी. सहा मीटरवरच्या बसच्या पाटीसाठी हे सरकणं दोन्ही डोळ्यांचं मिळून १४ सेंटिमीटर होतं. डोळे ते भरून काढतात, सकाळी व्यवस्थित, दुपारी कष्टाने, संध्याकाळी अजिबात नाही. बाईंची तक्रार नेमकी त्याच क्रमाने होती. तरीही तिला ‘मनाचे खेळ’ म्हणणारे लोक आहेत.

आणि मर्यादा काय असावी? अमेरिकेत नंबरानुसार बनवलेल्या चष्म्यांसाठी वापरलं जाणारं झेड ८०.१ हे मानक अशा मोठ्या नंबरांना आडव्या दिशेत दोन सेंटरांमधल्या अंतरात अडीच मिलिमीटरपर्यंतची चूक चालवून घेतं. उभ्या दिशेत दोन सेंटरांच्या उंचीत एक मिलिमीटरपर्यंतची. इथे अंतर ४ मिलिमीटरने चुकलं होतं, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. ‘थोडंसं इकडेतिकडे’ म्हणतात ते हे.

इथे विरोधकांना एक गोष्ट देतो, तीही हातचं राखून. नंबर उणे १ असता, तर याच चुकीतून ०.४ प्रिझम झालं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. ज्यांचा नंबर एक-दीडच्या आत आहे त्यांनी सेंटरचा घोर लावून घेऊ नये. पण म्हणून ‘मिलिमीटरने काही होत नाही’ हा नियम होत नाही. तो फक्त छोट्या नंबरवाल्यांचा अनुभव आहे, आणि तो मोठ्या नंबरवाल्यांच्या गळ्यात मारला जातो. आम्ही चाळीस वर्षं घालतोय म्हणणाऱ्या काकांचा नंबर जरूर विचारा.

ही चूक झाली कशी, हे कळल्याशिवाय कुणी दुरुस्त करणार नाही. फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ५४ अधिक १८, म्हणजे ७२. बाहुल्या ६२ वर. म्हणजे सेंटर दोन्ही काचांत मिळून १० मिलिमीटर आत, नाकाकडे सरकवायला हवं होतं, आणि तेही समान नाही, उजवीकडे ६ आणि डावीकडे ४. काच गोल कोऱ्या चकतीतून कापतात, तिला ब्लँक म्हणतात. सेंटर आत सरकवलं की कानाकडच्या टोकाला काच अपुरी पडू लागते. या फ्रेमचा आकार कोपऱ्यातून मोजला तर ५७ मिलिमीटरच्या वर्तुळात मावत होता. त्यात १० मिलिमीटर सरकणं आणि घासायला दोनेक मिलिमीटर मिळवले तर ६९ मिलिमीटर व्यासाचा ब्लँक हवा. उजवीकडे सरकणं जास्त, म्हणून त्याहून थोडा मोठाच. आता फिटरच्या हाताशी ६५ चा ब्लँक असला तर तो काय करणार? सेंटर जितकं सरकेल तितकंच सरकवणार, म्हणजे दोन्हीकडे ३ मिलिमीटर, आणि ७२ मधून ६ गेले की उरतात ६६. आपल्या ठिपक्यांनी दाखवलेला आकडा हाच. मशीनवर नंबर बरोबर, काच फ्रेममध्ये घट्ट, बिल तयार. मोठा ब्लँक मागवायला दोन दिवस आणि थोडे पैसे जास्त लागले असते, किंवा गिऱ्हाइकाला सांगावं लागलं असतं की तुमच्या नंबराला आणि तुमच्या पीडीला ही फ्रेम मोठी होते, ४८-४९ ची घ्या. हे कोण सांगणार? फ्रेम विकली गेलेली असते.

आणि बहुतेक वेळा पीडी घेतलेलीच नसते. डॉक्टरांच्या कागदावर ती सहसा नसते, दुकानात कुणीतरी पट्टी नाकापाशी धरल्यासारखं करतं आणि ६४ लिहून टाकतं, किंवा मोबाइलच्या फोटोवरून अंदाज काढला जातो. दोन डोळ्यांची वेगवेगळी पीडी मागा. ती न देणाऱ्याने चष्मा बसवण्याचं काम केलं म्हणू नये, काचा विकल्या म्हणावं.

उभी दिशा आणखी बोलकी आहे, कारण तिथे मशीन खरं बोलूनही फसवतं. ठिपके पुसायच्या आत चष्मा बाईंच्या चेहऱ्यावर ठेवला आणि समोर बघायला सांगितलं. उजवा ठिपका बाहुलीच्या ३ मिलिमीटर खाली, डावा ५ मिलिमीटर खाली. मशीनवर दोन्ही एकाच उंचीवर होते! चष्मा टेबलावर दांड्या उघडून उलटा ठेवला तेव्हा कारण दिसलं. तो एका कोपऱ्यावर डुगडुगत होता. डावी दांडी बिजागराजवळ वर वाकली होती, आणि त्यांचा डावा कान मुळातच जरा खाली. दोन्ही मिळून चष्मा डावीकडे उतरला होता.

याचा हिशेब वेगळा करायचा. सेंटर बाहुलीच्या खाली असणं ही चूकच असं नाही. चष्म्याची खालची कड गालाकडे झुकलेली असते, आणि झुकाव दर दोन अंशांना सेंटर एक मिलिमीटर खाली असावं असा नियम आहे, म्हणजे काचेचा अक्ष डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो त्यातून जातो. आठ अंश झुकाव असला तर ४ मिलिमीटर खाली हे योग्यच. घरी चष्मा तपासून ‘सेंटर डोळ्यासमोर नाही’ म्हणून भांडायला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. त्यांचं अर्धवट ज्ञान दुकानदाराच्या हातात आयतं कोलीत देतं. दोन्ही डोळ्यांना सारखा प्रिझम असेल तर दोन्ही डोळे सोबत थोडे वर-खाली होतात आणि बिघडत काही नाही. बिघडवतो तो फरक. उजवीकडे ०.३ गुणिले ६, म्हणजे १.८. डावीकडे ०.५ गुणिले साडेपाच, म्हणजे २.७५. फरक जवळजवळ एक प्रिझम; उंचीतला फरक २ मिलिमीटर, एक मिलिमीटरच्या मर्यादेच्या दुप्पट. एक डोळा वर आणि दुसरा खाली, असं वळायची ताकद माणसाला फारच थोडी दिली आहे; आडव्या दिशेतला गोंधळ जितका सोसतो तितका उभ्यातला सोसत नाही. जिन्याची पायरी इथे चुकत होती.

उपाय? बिजागराजवळ फ्रेम गरम हवेने ऊन करून डावी दांडी खाली वाकवली. दांडी खाली वाकवली की ती बाजू चेहऱ्यावर वर येते, कारण कान आपल्या जागीच असतो. हे उलटं वाटतं आणि म्हणूनच घाईत नेमकं उलटं केलं जातं. पुन्हा चेहऱ्यावर ठेवलं. दोन्ही ठिपके ४ मिलिमीटर खाली. उजवीकडे २.४, डावीकडे २.२, फरक ०.२. पाच मिनिटं, खर्च शून्य. पायरी तिथल्या तिथे जागेवर आली. ओढ राहिली, ती आडव्या चुकीची, आणि तिला दांडी वाकवून औषध नाही. तिला काचा पुन्हा कापाव्या लागतात. हे दोन दोष वेगळे करता आले ते फक्त ठिपके असलेला चष्मा चेहऱ्यावर ठेवल्यामुळे. मशीनवर चौथ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा ठेवून ते कधीच झाले नसते.

झुकावाबद्दल तर काउंटरवर अज्ञान असं आहे की त्याला प्रश्नही मानत नाहीत. फ्रेम नाकावरून घसरते म्हटलं की दोन्ही दांड्या खाली वाकवून देतात. घसरणं थांबतं आणि काच आणखी तिरकी होते. मग काय होतं? समजा नंबर उणे ६ आहे, सेंटर बाहुलीच्या बरोबर समोर ठेवलंय आणि काच १५ अंशांनी झुकली आहे. तिरक्या काचेतून बघताना ती सुमारे उणे ६.१३ सारखी वागते आणि वर जवळजवळ उणे ०.४४ चा सिलिंडर आडव्या, १८० च्या अक्षावर आपोआप तयार होतो. डॉक्टरांनी न लिहिलेला, दुकानाने फुकट दिलेला सिलिंडर! लेन्सोमीटर तो दाखवणार नाही, कारण तिथे काच नळीवर सपाट टेकलेली असते, झुकाव मशीनच्या बाहेरच राहतो. डोळ्याला मात्र तो दिसतो. गालाला वळसा घालणाऱ्या खेळाडूंच्या चष्म्यात असाच प्रकार ९० च्या अक्षावर होतो.

तपासणं अवघड नाही. मान सरळ ठेवून समोर बघायचं, बाजूला दुसऱ्याने दोऱ्याला जड वस्तू बांधून तो काचेच्या वरच्या कडेला लागून सोडायचा आणि खालच्या कडेचं दोऱ्यापासूनचं अंतर बघायचं. काच ३६ मिलिमीटर उंच असेल तर ८ अंशांना ते ५ मिलिमीटर भरतं, १५ अंशांना सव्वानऊ. याहून सोपं म्हणजे चष्मा लावून दूरच्या पाटीकडे बघत एका बोटाने फ्रेमची खालची कड हलकेच पुढे, मग मागे करायची. एखाद्या झुकावाला अक्षरं एकदम स्पष्ट होत असतील तर डॉक्टरकडे जायची गरज नाही, दांडीची आहे.

आता ‘सवय होईल’. सवय होते, नाकारत नाही. पहिल्यांदा सिलिंडर आला, पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह काच घेतली, काचेचा बाक बदलला, तर आठ-दहा दिवस फरशी तरंगते आणि मग थांबते. पण हे वाक्य म्हणायचा अधिकार तपासणीनंतर येतो. सेंटर जुळलं, दोन्ही उंची जुळल्या, झुकाव नेमका, मग बेलाशक म्हणा. तपासणी न करता म्हटलेल्या ‘सवय होईल’चा अर्थ एवढाच की तुमच्या डोळ्यांच्या स्नायूंनी आमच्या फिटरची चूक रोज भरून काढावी, फुकट. आणि काही डोळे खरोखरच भरून काढतात, हे दुर्दैव; कारण मग दोन वर्षांनी कुणी नीट केंद्र साधलेला चष्मा दिला की तोच चुकीचा वाटतो. म्हणून नवा तपासताना जुनाही मशीनवर ठेवून ठिपके काढावेत. जुन्याचं सेंटर कुठे होतं हे कळलं की अर्धी भांडणं मिटतात. या बाईंचा जुना छोट्या फ्रेमचा होता आणि त्याचं अंतर ६३ आलं.

‘डॉक्टरांना दाखवा’ हे त्याहून चतुर. डॉक्टरांकडे ट्रायल फ्रेममध्ये काचा पुन्हा लावल्या जातात, त्या फ्रेममध्ये पीडी फिरकीने जुळवलेली असते, झुकाव हाताने नीट केलेला असतो. नंबर पुन्हा तोच येणार. न येऊन करतो काय? मग बाई तो कागद घेऊन दुकानात येतात, दुकानदार म्हणतो बघा, नंबर बरोबरच होता. आणि मूळ प्रश्न जागच्या जागी.

घरी काय करता येईल, हेही सांगतो, कारण दुकानात ठिपके मागणारं गिऱ्हाईक आधीच माहिती घेऊन गेलेलं बरं. खिडकीच्या गजांचा किंवा फरश्यांच्या सांध्यांचा फुलीसारखा छेद शोधा. एक डोळा मिटा, चष्मा हातभर लांब, छेदाला समांतर धरा आणि काचेतून बघा. काचेतली रेघ बाहेरच्या रेघेपासून तुटलेली दिसेल. चष्मा सरकवत जा. उभी आणि आडवी दोन्ही रेघा काचेतून सलग गेल्या की छेद जिथे दिसतो तिथे सेंटर. पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने ठिपका द्या, तो नंतर साबणाच्या पाण्याने जातो. सिलिंडर तिरक्या अक्षावर असेल तर रेघा काचेत थोड्या फिरलेल्या दिसतील. तेव्हा रेघा जुळवत बसू नका, छेद जागेवर आला की पुरे. अचूकता मिलिमीटरभराची, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. प्रोग्रेसिव्ह काचेला ही युक्ती लागू नाही, तिच्यात प्रिझम मुद्दाम दिलेला असू शकतो. तिच्यावर दोन फिकट कोरलेल्या खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. दुकानाने कंपनीच्या तक्त्यावर ठेवून त्यावरून फुली पुन्हा काढायची आणि ती बाहुलीवर येते का ते तुमच्या चेहऱ्यावर बघायचं. ते करणार नाही म्हणणाऱ्याकडून प्रोग्रेसिव्ह घेऊच नये.

या बाई ठिपक्यांसकट दुकानात परत गेल्या. मशीन पुन्हा पुढे आलं, तेव्हा त्यांनी चष्मा मशीनवर ठेवू दिला नाही. तो आपल्या नाकावर ठेवला आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणाल्या, समोर बसा, तुमच्या डोळ्याकडे बघते, ठिपका माझ्या बाहुलीपासून कुठे आहे सांगा. त्याने बघितलं. पट्टी आणली, पुन्हा बघितलं. मग त्याने विचारलं की नव्या काचांचे पैसे कोण देणार. ६२ पीडीला ७२ ची फ्रेम विकताना आणि ६५ च्या ब्लँकमधून तिच्या काचा कापताना हा प्रश्न त्याला पडला नव्हता. त्याच्याच ऑर्डरच्या कागदावर पीडी ६२ लिहिलेली होती, त्याच्याच हस्ताक्षरात. बाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि पावती मागितली: ७५ चा ब्लँक, उजवीकडे ३०, डावीकडे ३२, आणि घेताना ठिपके पुसायचे नाहीत.